एकसष्ट माणसं, दोन विधानं

बन्सी वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला होता. पहिली पाळी संपली तसा तो बसनं घरी गेला नाही, तडक टीव्ही सेंटर चौकात उतरला. तिथल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचा एक क्लास होता, आणि साडेचारला तिथं त्याच्या रूपाचा डेमो होता. डेमो म्हणजे नोकरीआधीची परीक्षाच. क्लासच्या खऱ्या पोरांपुढं एक तास शिकवायचं, मालकानं पुढच्या बाकावर बसून बघायचं, आणि शेवटी ठेवायचं की घालवायचं ते ठरवायचं.

रूपानं बापाला बजावलं होतं, "बाबा, खाली चहाच्या टपरीवर थांबा. वर नका येऊ. तुम्ही दिसलात की माझं चित्त उडतं." बन्सी "व्हय" म्हणाला होता. पण बापाच्या जातीला व्हय म्हणायला काय लागतं! पोरगी वर गेली आणि पाच मिनिटांनी हा जिन्यानं वर. शेवटच्या बाकावर दोन धिप्पाड पोरांच्या मागं तो अंग चोरून बसला. अंगावर कंपनीचा करडा गणवेश तसाच होता. कुणी विचारलं नाही; पोराच्या ॲडमिशनची चौकशी करायला असे पालक रोज येत.

याआधी दोन क्लासनी रूपाला परत पाठवलं होतं. एकानं तर तोंडावर सांगितलं, की बाईमाणसानं मराठी शिकवावं, जनरल नॉलेज शिकवावं. रीझनिंगला पोरं बाईचं ऐकत नाहीत. ते ऐकून रूपाची आई, गीताबाई, घरात दिवसभर भांडी आपटत होती. बन्सीलाही ते लागलं होतं.

क्लासचे मालक शिवराज सर. त्यांचं स्वतःचं पुस्तक होतं, तिसरी आवृत्ती, मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेला त्यांचाच फोटो. शंभरेक पोरांपुढं प्रत्येकी एक प्रत पडलेली. सरांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "मॅडम, माहितीची पर्याप्तता घ्या. पान एकशे बेचाळीस, प्रश्न नऊ."

रूपानं फळ्यावर प्रश्न लिहिला. एका लग्नाला वऱ्हाड काही सात आसनी आणि काही अकरा आसनी गाड्यांतून गेलं. अकरा आसनी गाड्या किती? विधान पहिलं: एकूण माणसं एकसष्ट, आणि प्रत्येक गाडी पूर्ण भरलेली होती. विधान दुसरं: एकूण गाड्या सात.

"उत्तर काढायचं नाहीये," ती म्हणाली. "उत्तर निघेल का, एवढंच सांगायचंय. फक्त पहिल्या विधानावर निघालं तर पर्याय एक. फक्त दुसऱ्यावर निघालं तर दोन. कुठल्याही एकावर निघालं तर तीन. दोन्ही मिळूनही नाही निघालं तर चार. आणि दोन्ही लागतातच, तर पाच."

तिचं बोलून व्हायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "पाच!"

सत्यम नावाचा पुढचा पोरगा उभाच राहिला. "मॅडम, दोन अज्ञात आहेत, दोन समीकरणं पाहिजेत. पाच ठोकायचं आन पुढं जायचं. सर हेच शिकवतेत."

"नाही," रूपा म्हणाली. "एक."

वर्गात खसखस पिकली. सत्यमनं पुस्तकाची मागची पानं चाळली आणि मोठ्यानं वाचलं, "प्रश्न नऊ, उत्तर पाच. पुस्तकात छापलंय, मॅडम."

गणितातलं बन्सीला फार कळत नव्हतं, पण हे कळलं. पुस्तक कुणाचं, फोटो कुणाचा आणि नोकरी कुणाच्या हातात. 'म्हण ना पोरी, पाच म्हण,' तो मनात म्हणाला. 'एका आकड्यापायी हातचं घालवू नको.' आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रूपानं दुसऱ्या विधानावर तळहात ठेवला. "हे आहेच नाही असं समजा. एकसष्ट माणसं. अकरा आसनी एकही गाडी नसेल, तर एकसष्टला सातनं भाग जातो?"

"नाय."

"एक असेल तर उरले पन्नास. दोन असतील तर एकोणचाळीस. भाग जातो?"

"नाय."

"तीन?"

वर्गातला आवाज पातळ झाला. एक मुलगी म्हणाली, "अठ्ठावीस. जातो."

"चार धरा, सतरा उरतात. पाच धरा, सहा उरतात. दोन्हीला भाग जात नाही. सहा गाड्या तर भरतच नाहीत. मग किती उत्तरं निघाली? एकच. गाडी अर्धी नसते, माणूस पाऊण नसतो. समीकरण एक असलं तरी पूर्ण संख्यांनी आपलं काम झालं." तिनं हात काढला. "आता दुसरं एकटं बघा. सात गाड्या, त्यांत अकरा आसनी किती? कितीही असतील. म्हणून पर्याय एक. पाच म्हणणाऱ्याला उत्तर तेच मिळतं, पण मार्क जातो."

सत्यम खाली बसला. शिवराज सर मात्र उठले. फळ्यापाशी गेले, एकसष्ट पुसलं आणि तिथं एकशे अडतीस लिहिलं, खालच्या विधानातल्या सात गाड्यांच्या चौदा केल्या. "आता?"

बन्सीनं बाकाची कड धरली. माणूस चिडला की कठीण विचारतो, हे त्याला सुपरवायझरमुळं ठाऊक होतं.

रूपानं खडूनं कोपऱ्यात तीनदा अकरा वजा केले. "तीन गाड्या धरल्या तर एकशे पाच उरतात. भाग जातो. आणखी सात अकरा आसनी वाढवल्या, म्हणजे दहा, तर अठ्ठावीस. पुन्हा जातो. दोन उत्तरं झाली, सर. आता पहिलं एकटं पुरत नाही. एकूण गाड्या कळल्या तरच ठरेल. आता पाच."

सरांनी सगळं पुन्हा एकदा ओठातल्या ओठात मोजलं. मग खडू ठेवला, हात झटकले आणि वर्गाकडं वळले.

"तीन आवृत्त्या झाल्या," ते म्हणाले. "सहा वर्षांत हजारो पोरांनी हे पाच पाठ केलं. मीबी केलं. पान उघडा सगळ्यांनी. पाच खोडा, एक लिहा. शेजारी लिहा, दुरुस्ती रूपा मॅडमची. आन उद्यापासून हा विषय मॅडमच घेतील."

शंभर पुस्तकं एकदम उघडली. बन्सीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्याची छाती अशी फुगली होती, की शर्टाचं बटण तुटतं की काय! रूपाला पाच म्हणायला सांगणारा मघाचा बन्सी आता त्याला ओळखूही येत नव्हता.

सर बाकांमधून फिरत शेवटपर्यंत आले. समोर पुस्तक नसलेला एकच माणूस दिसला. त्यांनी एक प्रत आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. "काका, तुम्हीबी करा दुरुस्ती. घरी घेऊन जा. पोरगं कोणत्या बॅचला घालायचंय?"

बन्सीनं पान एकशे बेचाळीस शोधलं. पाचावर सावकाश आडवी रेघ मारली, एक काढला, आणि पुढं 'रूपा' लिहून थांबला. मग तिच्या नावापुढं स्वतःचंही नाव लिहिलं, 'रूपा बन्सी'.

"पोरगं नाय सर," तो म्हणाला, आणि फळ्याकडं बोट केलं. "पोरगी हाय. ती बघा, उभी हाय."