तीन चाळीसची लाइट

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मोशीच्या त्या गल्लीतली लाइट गेली. गुरुवारी जाते तिला मेंटेनन्स म्हणतात. मंगळवारी जाते तिला काही म्हणत नाहीत, नुसतं खिडकीत येऊन समोरच्यांची गेलीय का ते बघतात. समोरच्यांची गेली होती, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं.

स्वरूपाला मात्र वाटलं नाही. तिच्या इन्व्हर्टरने दहा मिनिटं कण्हून मान टाकली, वायफायचा डबा विझला आणि लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्क्यांवर येऊन ठेपली. चार वाजता तिची मीटिंग होती. चाकणजवळच्या कारखान्यात माल घेऊन येणारा ट्रक गेटवर किती वाजता पोहोचेल हे सांगणारं सॉफ्टवेअर तिच्या टीमने केलं होतं आणि ते कारखान्याला दाखवण्याचं काम पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं. गिऱ्हाइकाचा डेटा कॅफेत उघडायला कंपनीची बंदी. आणि मॅनेजर रविराजने कालच बजावलं होतं, "स्वरूपा, हे घरून जमलं नाही ना, तर उद्यापासून रोज हिंजवडीच्या ऑफिसात." मोशी ते हिंजवडी रोजचा ट्रॅफिक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे ते इथे क्षणभर स्तब्ध उभे राहतील.

तिने फोनवरून टीमच्या ग्रुपवर लिहिलं, 'घरची लाइट गेली आहे. फोनवर आहे, कॉल घेऊ शकेन. तोपर्यंत माझ्याकडच्या तक्रारींची तिकिटं सनी बघेल.'

लगेच रविराज उमटला. 'परत ऑनलाइन कधी?'

रविराजच्या टीममध्ये 'माहीत नाही' हे उत्तर गैरहजेरीत मोडत असे. स्वरूपाने विचार केला. चार लिहावं तर अंदाज वाटतो. साडेतीन लिहावं तर थाप वाटते. तीन चाळीस लिहिलं की कुणीतरी कुणाला तरी विचारलंय असं वाटतं. तिने लिहिलं, 'लाइट तीन चाळीसला येईल.'

रविराजचा वर केलेला अंगठा आला. पलीकडच्याच गल्लीत राहणाऱ्या सनीने लिहिलं, 'माझी पण गेली. मी पण तीन चाळीस.' म्हणजे स्वरूपाची तिकिटं बघायला आता कुणीच नव्हतं, पण वेळ पक्की झाल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन वाजेपर्यंत स्वरूपा गॅलरीतून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या डीपीकडे बघत बसली. डीपीजवळ कुणी फिरकलं नाही. शेवटी ती खाली उतरली. सोसायटीचे सेक्रेटरी सोपानराव पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपराने वारा घेत होते. एरवी लाइट गेली की पाच मिनिटांत वीज ऑफिसला फोन लावून समोरच्याचं आडनाव विचारणारा हा माणूस आज तृप्त दिसत होता.

"काका, कंप्लेंट केली का?"

"कशाला? वेळ आलीय ना. तीन चाळीस."

"कुठून आली?"

"वरून," सोपानराव म्हणाले आणि फोन पुढे केला. 'महत्त्वाची सूचना. मोशी परिसरातील वीजपुरवठा दुपारी ३.४० वाजता पूर्ववत होईल. कृपया कार्यालयात फोन करू नये.' खाली हात जोडलेले होते.

स्वरूपाने तडक सनीला फोन लावला.

"अगं, मी फक्त मम्मीला सांगितलं," सनी म्हणाला. "मम्मीने बचतगटात टाकलं. पुढचं मला माहीत नाही. पण भारी ना, फोन करू नये वगैरे?"

स्वरूपाने स्कूटी काढली. तासभर शोधल्यावर देहू रस्त्यावरच्या टपरीपाशी लाइनमनची शिडी लावलेली मोटरसायकल दिसली. शिडीचे मालक खंडूभाऊ शांतपणे मिसळ खात होते.

"भाऊ, मोशीतल्या आमच्या डीपीचं काय?"

"मोशी? झाली की ती. तीन चाळीसला येतीय. ऑफिसातच मेसेज आलाय. दुसरी गँग गेली आसंल."

"कुठलीच गँग गेली नाही."

"मग वेळ कुणी दिली?"

टपरीवाल्याने शेव टाकता टाकता हात थांबवला. स्वरूपाने आजूबाजूला बघितलं. खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती.

"मी दिली."

"तुमी साहेब हाय का?"

"नाही हो. मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं. मॅनेजरने वेळ मागितली म्हणून. मनानेच."

खंडूभाऊंनी पाव खाली ठेवला. ते चिडतील असं वाटून ती एक पाऊल मागे सरकली. खंडूभाऊ हसायला लागले. इतके, की टपरीवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"तरीच! मी म्हणतोय दुपारपास्नं फोन का न्हाई वाजला. चार्ज करून ठिवलाय, तरी नव्या नवरीवानी गप. अवो ताई, यरवी खांबावर चढलो की एका हातात पक्कड आन् एका कानात पब्लिक. कदी येतीय, कदी येतीय. आज निवांत मिसळ खाल्ली."

"पण भाऊ, चारला माझी मीटिंग आहे."

"चला."

त्यांनी ऑफिसला कळवलं, लाइन बंद ठेवायची परवानगी घेतली आणि डीपीची पेटी उघडली. आतलं केबलचं टोक जळून कोळसा झालं होतं. ते कापून नवीन बसवायचं. काम अर्ध्या तासाचं, पण आता अर्धा तास नव्हता.

कारण साडेतीनलाच गल्ली डीपीजवळ जमली होती. सनीची आई कस्तुराताई बचतगटासह हजर होत्या. सोपानराव घड्याळ वर धरून उभे होते.

"पस्तीस झाले!"

"आज्जीबात आकडे सांगू नका," खंडूभाऊ पेटीत डोकं घालून ओरडले.

तीन चाळीस झाले. लाइट आली नाही. एकही माणूस चिडला नाही. सोपानरावांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं आणि जाहीर केलं, "माझं पुढे आहे." बाकीच्यांनीही आपापली घड्याळं पुढे असल्याचं मान्य केलं.

स्वरूपाच्या फोनवर रविराज उमटला. 'तीन बेचाळीस झाले.' तिने लिहिलं, 'टोक बसवतायत. वेळ मला माहीत नाही. मघाशी पण नव्हती.' आणि पाठवून टाकलं. पलीकडे 'टाइप करत आहे' असं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. 'माहीत नाही' आल्यावर काय टाइप करायचं हे रविराजला कुणी शिकवलं नव्हतं.

चारला काही मिनिटं उरली असताना खंडूभाऊंनी हात वर केला, ऑफिसला फोन गेला आणि घराघरांतले टीव्ही एकदम बोलू लागले. "बरोब्बर तीन चाळीस!" सोपानराव म्हणाले. टाळ्या पडल्या. खंडूभाऊंना आपला नंबर देऊन स्वरूपा तीन मजले धावत गेली.

मीटिंग झकास चालली. कारखान्याच्या विजयश्री मॅडम प्रसन्न, रविराज प्रसन्न. हिंजवडी क्षितिजापार जाताना दिसत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि गडबडीत स्पीकरवर पडला.

"ताई, खंडू बोलतोय. कुरुळीची लाइट गेलीया. लोकं फोन करकरून जीव खात्यात. ग्रुपवर एखादी वेळ टाका की."

रविराजचा चेहरा स्क्रीनवर पांढरा झाला. विजयश्री मॅडम मात्र खुर्चीतून पुढे आल्या.

"कुरुळी? आमचा प्लांट तिथेच आहे! जनरेटरवर आहोत आम्ही. कधी येईल हो?"

स्वरूपाने दीर्घ श्वास घेतला. "मॅडम, खरं सांगू? माहीत नाही. खंडूभाऊ खांबावर चढून, बघून खाली उतरले की नक्की सांगते."

 विजयश्री मॅडमनी समजूतदारपणे मान हलवली आणि पेन उघडलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "किती वाजता उतरतील?"