दीड तास

आई अंथरुणाला खिळल्यापासून ती रोज सकाळी डझनभर कामांची यादी करायची आणि त्यातली निम्मी उद्यावर जायची. 'प्रबंध लिहिणे' तर वर्षभर पुढे ढकललं जात होतं.

शेवटी थोरली बहीण तिच्याजवळ बसली. "आधी जे तास तुझे नाहीतच ते वजा कर." शाळेची नोकरी, आईचं सगळं, स्वयंपाक, झोप. उरले दोन तास.

"त्यातला अर्धा तास मोकळा ठेव. आईची चादर काय सांगून खराब होते?"

राहिलेला दीड तास वह्या तपासण्यात आणि औषधं आणण्यातच भरला.

"आणि प्रबंध?"

"रविवारी बघ."

"रविवारी आठवडाभराचं धुणं असतं. तू येशील आईपाशी?"

"मला कुठं जमतंय गं," म्हणून बहिणीने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी यादीतलं एकूण एक काम झालं. असं पहिल्यांदाच घडलं होतं. संध्याकाळी तिने मार्गदर्शक बाईंना फोन करून आपलं नाव काढायला सांगितलं.

"अगं, थोडा वेळ काढ ना!"

"काढून पाहिला, बाई," ती म्हणाली आणि आईची कूस बदलायला उठली.