बिनव्याजी फ्रिज

मुलुंडच्या दुकानात शुभाताईंनी फ्रिज पसंत केला. चोवीस हजार. विक्रेता किरण म्हणाला, "कार्डावर सहा हप्ते करा ना काकू, चार-चार हजार. व्याज शून्य!"

"कसलं डोंबलाचं शून्य? बँक व्याज घेणारच. तेवढी सूट तुम्ही किमतीत देता, म्हणून बेरीज जुळते. वर व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी माझ्याच माथी. मी एकरकमी देते, ती सूट मला दे."

"नाही जमणार, काकू."

"मग यांना विचारून येते," म्हणत त्या बाहेर पडल्या.

हा नवराबायकोचा जुना डाव होता. बाळासाहेब मुद्दाम बाहेर रसाच्या गाडीपाशी थांबायचे, दोघं उगाच गंभीर चेहऱ्याने बोलायची आणि दुकानदार नरमायचा.

गाडीपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बाळासाहेबांना जाऊन वर्ष झालं होतं. थोडा वेळ त्या तिथेच उभ्या राहिल्या, मग परतल्या.

"काय म्हणाले काका?"

"नको म्हणाले."

किरणने मुकाट्याने हजार रुपये कमी केले. "काकांनी वाचवले हं तुमचे पैसे!"

शुभाताई कार्ड शोधायला पर्समध्ये वाकल्या, त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या.