बाळ झोपलं तरी

“ओळ कापलीस, तर ती जिच्यासाठी आहे, तिला वाचून दाखव. आणि काय समजलं ते तिच्या तोंडून ऐक,” संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या.

मी हसले. “बाई, आठ महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन बसलेय. बाळंतीणच तर वाचतेय!”

“तुला मूळ इंग्रजी मजकूर पाठ आहे. तुझं वाचणं धरायचं नाही,” त्या म्हणाल्या. मी “हो हो” करून फोन ठेवला.

पोस्टर बाळंतपणानंतरच्या उदासीचं होतं, दवाखान्यांच्या भिंतींसाठी; मी ते इंग्रजीतून मराठीत आणत होते. वर मथळा, मध्ये तीन चित्रं, प्रत्येकाखाली एक प्रश्न आणि तळाशी काय करायचं ते. दुसऱ्या चित्राखाली मी लिहिलं होतं, ‘बाळ झोपलेलं असतानासुद्धा तुम्हाला झोप लागत नाही का?’ मूळ इंग्रजी ओळ याच्या निम्मीच होती.

मांडणी करणाऱ्याचा फोन आला. “मॅडम, तुमची वेलांटी बाळाच्या डोक्यावर बसतेय. चौकट वाढणार नाही, खाली लगेच तिसरं चित्र आहे.”

“अक्षर जरा बारीक करा ना.”

“आणखी बारीक केलं तर बायकांना भिंतीला नाक लावून वाचावं लागेल. ओळी जवळ आणल्या तर वरचे उकार खालच्या मात्रांत अडकतात. तुम्हीच काहीतरी कापा.”

पोर रडायला लागलं होतं. मी ओळीचा पहिला अर्धा भाग उडवला. ‘तुम्हाला झोप लागत नाही का?’ छान बसलं. तळाची ओळ मात्र तशीच राहू दिली, कारण तिथे जागा होती: ‘कृपया आपल्या नजीकच्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी त्वरित संपर्क साधावा.’ तीही मला भारदस्त वाटली होती. वाचून मी कुणालाच दाखवलं नाही.

पुढे वहिनीबरोबर, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोबरोबर, तिच्या बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात गेले. बाकासमोरच माझं पोस्टर. मला आधी अभिमानच वाटला. लांबूनही अक्षर उठून दिसत होतं.

“ताई, हे वाचा,” वहिनीने कोपर मारलं. “‘तुम्हाला झोप लागत नाही का?’ घरात तान्हं असताना कुणाला लागते हो?”

शेजारी बसलेली बाई म्हणाली, “लिहिणारा बाप्या असणार! रात्रभर घोरून सकाळी सुचलं असेल.”

बाकभर हशा पिकला. मीही हसले. लिहिणारी मीच, हे काही सांगितलं नाही.

वहिनीच्या मांडीवर तिचं बाळ गाढ झोपलं होतं. त्याच्या टोपीची नाडी ती सोडत होती, पुन्हा बांधत होती.

“नशीबवान आहेस,” मी म्हटलं. “आमचं कार्टं तर तासाला उठतं.”

“हा झोपतो हो. चांगला झोपतो. मीच छताकडे बघत पडते.” ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. “श्वास चाललाय ना, हे बघायला सारखी उठते. मग सकाळी त्याला उचलायलाच नको वाटतं. मागच्या लशीला आले तेव्हा नर्सला सांगणार होते. तेवढ्यात हे वाचलं. म्हटलं, असंच असतं वाटतं सगळ्यांचं. उगाच कशाला नाटकं?”

माझे कान तापले. तिला अडवणारं दुसरं कुणी नव्हतं. मी होते, त्या भिंतीवर, ठळक अक्षरांत. तिला जो प्रश्न विचारायला हवा होता, तो मी जागेसाठी कापला होता आणि ‘कृपया’ जपून ठेवलं होतं.

“वहिनी, ते मी लिहिलंय.”

“काय?”

“पोस्टर. आणि अर्धं गाळलंय. मुळात होतं, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही का. ते सगळ्यांचं नसतं गं. ते तुझं आहे. चल, उठ.”

शेजारचीने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करत नजर वळवली. वहिनीने बाळाला खांद्यावर घेतलं. माझा हात धरून उठली. नर्सने आम्हाला आत बसवून दार लावून घेतलं. आता वहिनीवर उपचार चालू आहेत. भाऊ रात्री बाळाजवळ झोपतो.

दवाखान्यातून आले त्याच संध्याकाळी संपादकबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “आता लिही,” एवढंच म्हणाल्या. मी लिहिलं: ‘बाळ झोपलं तरी तुम्ही जाग्याच?’ चौकटीत बसलं, वर जागाही उरली. तळाशी: ‘आजच नर्सला सांगा.’ दोन्ही ओळी यावेळी वहिनीला वाचून दाखवल्या. “हे वाचलं असतं तर गेले असते,” ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

नवीन पोस्टर छापलं, पण जुनी सगळी निघाली असतील असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून तुम्हालाच विनवते. तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर आज तिच्याकडे जा. झोप होते का, असं विचारू नका, ती हसून ‘कुठली झोप’ म्हणेल. बाळ झोपल्यावर ती काय करते, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ बसा.