बारा शब्द, खालून वर
बाबांना झटका आला तो बसमध्ये, आणि त्या गोंधळात त्यांचा फोन जो गेला तो गेलाच. बाबा वाचले, पण उजवं अंग गेलं आणि वाचा बसली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा, गिऱ्हाइकाशी तासन्‌तास गप्पा ठोकणारा माणूस आता खिडकीपाशी खुर्चीत बसून फक्त घशातून आवाज काढायचा. लिहायलाही जमत नव्हतं. डाव्या हातात पेन दिलं की नुसत्या रेघा उमटायच्या.

आणि त्या हरवलेल्या फोनमध्ये बाबांचं सगळं होतं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी दुकान विकलं, आणि आलेल्या पैशांचं कोणाला न विचारता बिटकॉइन घेऊन ठेवलं. मुलीने तेव्हा त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर तिचा विश्वास बेताचाच. पण आता बाबांची नर्स, व्यायाम शिकवणारी बाई, पुढची सगळी वर्षं, हे सारं त्याच न दिसणाऱ्या गोष्टीवर टांगलेलं होतं.

फोन गेला म्हणून पैसे जात नाहीत, एवढं तिला कळलं होतं. पैसे फोनमध्ये नसतातच मुळी. वॉलेट म्हणजे बिटकॉइनचं खातं, ते पहिल्यांदा उघडताना बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते कुठल्याही नव्या फोनवर त्याच क्रमाने भरले की वॉलेट जसंच्या तसं परत येतं. मात्र ज्याच्या हाती ते बारा शब्द, त्याच्या हाती सगळं. तिथे बँक नाही, तक्रारीची खिडकी नाही, गेलेले परत आणणारं कोणी नाही.

शब्द सापडले. बाबांच्या हत्यारांच्या पेटीत, दुकानात दुरुस्तीची नोंद करायच्या एका जुन्या जॉबकार्डावर, एकाखाली एक, बारीक नेटक्या अक्षरात. शेजारी आकडे नव्हते. तिने नव्या फोनवर बाबा वापरायचे तेच ॲप घेतलं, ‘जुनं वॉलेट परत आणा’वर बोट ठेवलं आणि एकेक शब्द भरला. पहिली चार अक्षरं टाकली की ॲप स्वतःच पूर्ण शब्द पुढे करत होतं, म्हणजे शब्द बरोबर होते. तरीही शेवटी लाल अक्षरं आली. शब्दांचा हा संच वैध नाही. तिने तीनदा तपासून पाहिलं. तिन्ही वेळा लाल.

मग तिने ती गोष्ट केली, जी करायची नसते. कार्डाचा फोटो काढला आणि बारक्याला पाठवला.

बारक्या म्हणजे तिचा आतेभाऊ. नावाला शोभेल असा काटकुळा, पस्तिशीचा, दोन गल्ल्या सोडून मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. घड्याळाचं काम तो मामांच्याच हाताखाली शिकला होता. आठ वर्षं.

उत्तर लगेच आलं. ‘ताई, हा फोटो कोणालाही पाठवू नकोस. खरं तर मलाही पाठवायला नको होतास.’

तिने ते पुन्हा वाचलं. काळजीने लिहिलंय की धमकावतोय? तिने फोटो दोघांच्याही फोनमधून पुसला, पण त्याने तो पाहिला होता, हे तर पुसता येत नव्हतं. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, ‘ॲप कुठलं होतं मामांचं?’ तिने सांगितलं, आणि सांगितल्यावर हात चावावासा वाटला. मग तो गप्प झाला. तिने फोन केला, त्याने उचलला नाही. पुन्हा केला, नाही. दुपारचे दोन वाजले. एरवी हा माणूस जेवताना, गाडी चालवताना, सगळीकडे फोन उचलतो!

“बाबा, शब्दांत काय चुकतंय ते बारक्याला कळेल का हो?” तिने विचारलं. बाबांच्या घशातून काहीतरी आलं. हो की नाही, देव जाणे.

नुसती वाट बघवेना म्हणून ती उगाच पेटी उपसत बसली. तळाशी आणखी जॉबकार्डं होती. एकावर भिंतीवरच्या घड्याळाच्या भागांची यादी: वर तबकडी आणि काटे, मग चाकं, अगदी खाली मागची पट्टी. कडेला बाबांचा बाण. तळापासून वर जाणारा. तिला लहानपणीचं दुकान आठवलं. घड्याळ खोलताना भाग वरून खाली लिहीत जायचं आणि जोडताना खालून वर वाचायचं. बारक्या शिकत असताना बाबा दिवसातून दहादा ओरडायचे, “अरे गाढवा, जोडणी खालून सुरू होते!”

बाबांनी बारा शब्दसुद्धा जोडणीचं कार्ड म्हणून लिहिले होते. पहिला शब्द तळाशी. हे तिला कळायला अर्धा दिवस लागला, बारक्याला किती वेळ लागला असेल?

तिने तळापासून शब्द भरले. लाल अक्षरं आली नाहीत. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग शिल्लक दिसली. सगळी. एक पैही हललेली नाही. ती बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

पण रडायला वेळ नव्हता. तिने नवं वॉलेट उघडलं, त्याचे नवे बारा शब्द कागदावर लिहिले, आकडे घालून, आणि जुन्यातलं सगळं नव्याच्या पत्त्यावर पाठवून दिलं. लवकर पोचावं म्हणून शुल्कही जास्त भरलं. ‘प्रलंबित’ असं दिसायला लागलं आणि तेवढ्यात बारक्याचा फोन आला.

“ताई, उघडलं का?”

“नाही रे,” ती म्हणाली. “नाहीच उघडत.”

“थांब, हातातलं काम आटपून येतो.”

पंधरा मिनिटांत ‘प्रलंबित’ जाऊन ‘पूर्ण’ आलं. तिने फोन बाबांसमोर धरला. “हलवले सगळे. आता बारक्याच्या हाताला लागत नाहीत.” बाबांनी मान जोरजोरात हलवली, नाही नाही अशी. तिला वाटलं, त्यांना समजलं नसेल.

बारक्या धापा टाकत आला. “गिऱ्हाइकाचा फोन उघडून बसलो होतो, फोन सायलेंटवर. ताई, आत्ता डोक्यात प्रकाश पडला. मामांनी खालून लिहिलंय गं! कार्ड आण, तुझ्यासमोरच टाकतो.” तो हसत होता. तिने कार्ड दिलं. नाही कसं म्हणणार? त्याने आपल्या फोनवर तळापासून शब्द भरले. वॉलेट उघडलं.

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

“रिकामं आहे. ताई, वीस मिनिटांपूर्वी कोणीतरी सगळं काढून नेलंय.” त्याने पडदा तिच्यापुढे धरला. तिथे फक्त अक्षर-आकड्यांचा लांबलचक पत्ता होता. पत्त्यावर कोणाचं नाव नसतं. “फोटो तू अजून कोणाला दिलास?”

“कोणालाच नाही.”

बारक्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो खुर्चीपाशी खाली बसला आणि मामांचे गुडघे धरले. “मामा, मी नाही हो. आईशपथ नाही. मी असं करेन का?”

मी घेतले, माझ्याकडेच आहेत. एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. तिने तोंड उघडलंही. पण आपण त्याच्या तोंडावर खोटं बोललो, त्याला चोर समजलो, हेही मग सांगावं लागलं असतं, आणि तिची जीभ रेटेना. लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेतून भलतंच बाहेर पडलं.

“फोटो मी फक्त तुलाच पाठवला होता,” ती म्हणाली.

बाबांनी डावा हात उचलला आणि खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागले. एकदा, दोनदा, थांबेचनात. घशातून येणारा आवाज गल्लीपर्यंत गेला असेल. डोळे लेकीवर रोखलेले होते, पण बारक्याची मान खाली होती, त्याला ते दिसलं नाही.

त्याने हळूच मामांचे गुडघे सोडले. त्याला वाटलं, मामाही त्यालाच चोर म्हणताहेत.