गाळलेलं ‘म्हणं’

आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहातला पंखा एवढा आवाज करतो, की एकदा तो सुरू केल्यावर सोलापूर स्टेशनवर माणसं सामान उचलून गाडीकडे धावली होती म्हणे. त्या पंख्याखाली काल माळरानाविषयीचा परिसंवाद झाला आणि बोलणं ध्वनिमुद्रित करायला टेबलावर एकच मोबाईल ठेवलेला. आज वैजयंती मॅडम त्या ध्वनिमुद्रणाचा सारांश लिहीत होत्या. कोण काय म्हणालं, कुठे पटलं, कुठे बिनसलं. संध्याकाळी तो वनखात्याच्या कार्यालयात जाणार होता आणि मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं चरू द्यायची की नाही, हे ठरवताना तिथले साहेब तो वाचणार होते.

मी या कॉलेजातून निवृत्त झालेला, पण परिसंवादाचा अध्यक्ष असल्यामुळे सही माझी लागणार होती. म्हणून स्टाफरूममध्ये थंड चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात बिरुदेव आला. कालच्या तीन वक्त्यांपैकी मेंढपाळ तो. बाकीचे दोघे म्हणजे गवताचे अभ्यासक डॉ. शिवराज आणि झाडं लावणाऱ्या संस्थेच्या सुकन्याताई.

“बाई, माझं काय लिवलंय, जरा वाचा की,” बिरुदेव म्हणाला.

मॅडमनी वाचलं. “तिन्ही वक्त्यांचं एकमत. मेंढ्या माळ उजाड करतात, गवत मुळासकट उपटतात. चराईबंदी व्हावी.”

बिरुदेव खुर्चीत बसला नव्हता, तो आता बसला. “हे मी बोललो? वस्तीवर ह्ये कळलं तर मला कुत्रीबी आत घेणार न्हाईत.”

“तुम्हीच बोललात. हा बघा उतारा.” मॅडमचा आवाज वैतागलेला. सकाळपासून प्राचार्यांनी तीनदा विचारलं होतं, झालं का म्हणून. “वक्ता तीन म्हणजे तुम्ही. ‘मेंढरं माळ खात्यात, मुळासकट उपटत्यात, म्हणून बंदी पायजे.’ आणि सुकन्याताई बोलताना तुम्ही ‘व्हय’, ‘व्हय की’ असं सारखं म्हणत होतात. मी ते सहमतीत धरलं.”

“अवो, समोरचं माणूस बोलतंय म्हटल्यावर व्हय म्हणायचं न्हाय तर काय शिट्टी वाजवायची?”

मी मध्ये पडलो. “मॅडम, मूळ आवाज ऐकलात का?”

“सर, दोन तासांचं आहे. संगणकाने उतारा काढून दिला. फालतू शब्द गाळून स्वच्छ उतारा हवा का, असं विचारलं, मी हो म्हटलं.”

“लावा बरं ते.”

आधी पंखा आला, मग कपबशा, मग बिरुदेवचा आवाज. “मेंढरं म्हणं माळ खात्यात. मुळासकट म्हणं उपटत्यात. म्हणून म्हणं बंदी पायजे.” पाठोपाठ सभागृह हसलं आणि सगळ्यात मोठं हसू माझंच होतं.

संगणकाने तिन्ही ‘म्हणं’ फालतू म्हणून उडवले होते. मला रागच आला. माझा अख्खा जन्म या एका शब्दावर निघाला आहे. तो काढला, तर मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला तुरुंगात टाकावं लागेल.

“परत ऐकते,” मॅडम कपाळ चोळत म्हणाल्या. “तिघांचंही. पहिल्यापासून.”

ऐकलं. सुकन्याताईंना पाच वर्षं पूर्ण बंदी हवी होती. डॉ. शिवराज म्हणत होते, पावसाळ्यात गवत फुटताना माळ मोकळा ठेवा, पुढे मेंढ्या आल्या तर बियाणंच पसरतं. बिरुदेव म्हणत होता, पाळीपाळीने माळ राखू, पण कुठला राखायचा हे आम्हाला विचारून ठरवा, आणि पाण्याची वाट अडवू नका. मॅडमनी प्रत्येकाखाली त्याचंच म्हणणं लिहिलं. बिरुदेवच्या नावाखाली लिहिलं, ‘मेंढ्या माळ उजाड करतात हा आरोप त्यांनी उपहासाने सांगून नाकारला.’ नुसत्या हुंकारांची सहमती काढून टाकली. एकमताच्या रकान्यात एकच ओळ उरली. माळाला काही काळ विसावा हवा. मतभेदाचा रकाना मात्र भरून वाहिला. किती काळ, कोणी ठरवायचं, मेंढी चोर की साव.

प्राचार्य आले, वाचलं आणि चष्मा काढला. “एकमत एवढंच? सकाळी मला पूर्ण एकमत सांगितलं होतं. साहेबांना वाटेल, आमच्याकडे नुसती भांडणं झाली.”

“झालीच की,” मी म्हणालो. “ऐकवू का?”

“पंखा नको,” ते म्हणाले. पेन घेऊन त्यांनी ‘मतभेद’ खोडलं, वर ‘विचारमंथन’ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. खालच्या ओळी तशाच होत्या. मी सही केली.

बिरुदेवने ती एकमताची ओळ मॅडमकडून पुन्हा वाचून घेतली. मग घोंगडं खांद्यावर टाकलं.

“एवढं एक जमलं तरी लई हाय, बाई,” तो म्हणाला. “माळ राखायचा म्हटलं तर माझं आन् थोरल्या भावाचं एवढंबी जमत न्हाय.”