नावाच्या आधी काय

छापखाना बंद पडून तीन महिने झाले होते. त्यात बावीस वर्षं फोरमन म्हणून काम केलेल्या गृहस्थांना एके सकाळी खोकी बनवणाऱ्या एका कंपनीचा मेल आला. मुलाखत गुरुवारी, अकरा वाजता. यायला जमेल का, ते कळवावं. सुरुवात मात्र अशी: 'डिअर मिस्टर', आणि पुढे फोरमनच्या वडिलांचं नाव.

घोळ कशामुळे झाला, हे उघड होतं. फोरमननी अर्जात नाव दाखल्यावर असतं तसंच लिहिलं होतं: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. तिकडे कोणीतरी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरून चाललं होतं.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, मेल दोनदा वाचला. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, वय अठ्ठ्याहत्तर.

"मला बोलावलंय," ते म्हणाले. "गुरुवारी मी मोकळा आहे."

"आबा, शिफ्ट आठ तासांची असते."

"मग तू जा," आबा उदारपणे म्हणाले.

आता उत्तर लिहायचं होतं. मेलखाली पाठवणाऱ्याचं नाव होतं, दोन शब्दांचं. दोन्ही शब्द नावासारखे वाटत होते आणि दोन्ही आडनावासारखेही. पहिला शब्द फोरमनच्या ओळखीत एका बाईंचा होता आणि एका पहिलवानाचाही. मेलच्या पत्त्यात तेच शब्द उलट क्रमाने होते. फोटोच्या जागी कंपनीचं चिन्ह, एक खोकं. हुद्दा, टॅलेंट पार्टनर.

"पार्टनर म्हणजे भागीदार," आबा म्हणाले. "मालकच म्हण ना. 'माननीय महोदय, स्लॅश, महोदया' असं लिही आणि खाली टीप दे, लागू नसेल ते खोडावे."

"त्यांनी स्वतःलाच खोडायचं?"

"आमच्याकडे लोक निमूट खोडायचे."

फोरमनच्या बायकोची हॉस्पिटलमधली ड्यूटी नुकतीच संपली होती. बुटांच्या नाड्या सोडता सोडता ती म्हणाली, "मालक कसले? आमच्याकडेही भरती करणाऱ्या पोरांना हल्ली पार्टनरच म्हणतात. अहो, सरळ कंपनीत फोन लावा. वेळेचं काहीतरी विचारा. ऑपरेटर 'आले' म्हणते की 'आल्या', तेवढं ऐका, झालं काम."

युक्ती बिनतोड होती. फोरमननी फोन लावला, नाव सांगितलं आणि विचारलं, आहेत का?

"मीटिंगमध्ये आहेत," ऑपरेटर म्हणाली.

"कधी येतील?"

"येतील तासाभरात."

"गुरुवारी असतील ना?"

"असतील की. त्यांना काही निरोप देऊ?"

आहेत, येतील, असतील, त्यांना. एवढं बोलणं झालं, पण मेल पाठवणारी व्यक्ती बाई की पुरुष, याचा पत्ता नाही. बायको हातवारे करून 'भूतकाळ, भूतकाळ' असं सुचवत होती.

"काल... काल होते का?" फोरमननी विचारलं, आणि जीभ चावली. 'होते' म्हणून आपणच निकाल देऊन बसलो होतो.

"काल सुट्टी होती," ऑपरेटर म्हणाली.

शेवटी त्यांनी हात टेकले. "ताई, खरं सांगतो. मला त्यांना उत्तर लिहायचंय. सर लिहू की मॅडम, तेच कळत नाहीये."

"एवढंच ना?" ती हसली. "रोज कोणीतरी विचारतं. त्यांनी सांगून ठेवलंय, नुसतं नाव लिहा. सही जशी करतात तसंच, पूर्ण. आधी काही नको, नंतर काही नको."

आबांना हे बिलकुल पटलं नाही. नुसतं नाव घेऊन हाक मारायला आपण काय पोस्टमन आहोत, असं त्यांनी विचारलं. पण फोरमननी 'नमस्कार' लिहून पुढे सहीतले दोन शब्द त्याच क्रमाने ठेवले. मजकूर दोन ओळींचा: गुरुवारी अकराला येतो. माझ्या नावात आडनाव पहिलं आहे, शेवटचं नाव वडिलांचं. दाखल्यांवरही असंच आहे.

गुरुवारी दारात त्यांना घ्यायला आल्या त्या तिशीतल्या एक बाई. "बरं झालं, कळवलंत," त्या म्हणाल्या. "तुमची फाइल मी वडिलांच्या नावाने काढली होती. दाखले जुळले नसते तर पडताळणीवाल्यांनी ती परत पाठवली असती, आणि आज तर फाइल पाठवायचा शेवटचा दिवस." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "चूक माझीच. माझ्या नावाची लोक रोज वाट लावतात, मला तरी कळायला हवं होतं."

"चालायचंच, मॅडम," फोरमन बोलून गेले आणि लगेच सावरून घेऊ लागले. "म्हणजे, काय म्हणू?"

"म्हणा मॅडम. समोर असलं की चालतं."

आत मुलाखत तासभर चालली. मशिनवर कागद का सुरकुततो, हे फोरमननी फळ्यावर आकृती काढून सांगितलं, आणि तिथे त्यांची जीभ कुठेही अडखळली नाही. पंधरा दिवसांनी ते रात्रपाळीचे सुपरवायझर म्हणून रुजू झाले.